मालकाची चिठ्ठी

मी पंकज निखारे, बायकोच्या धंद्यात बिनपगारी फुल अधिकारी. माझं मोबाइलचं दुकान बसलं, तेव्हा कामिनीनं घरच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवायला घेतले. आज तिच्याकडे चार बाया कामाला आहेत आणि तिच्या नावाची जीएसटी नोंदणी आहे. माझ्याकडे स्कूटर आहे. तरी बाजारात मी मालकाच्या थाटातच फिरतो.

गेल्या आठवड्यात तिनं सीताबर्डीच्या बाजारातून काज करायचं मशीन घेतलं. बिल मी आणलं. तिनं ते वाचलं आणि हातातलं काम थांबवलं. खरेदीदार, पंकज निखारे. खाली माझ्या बंद दुकानाचा, केव्हाच रद्द झालेला जीएसटी नंबर.

"या बिलावर मले कराची वजावट भेटन का?"

भेटणार नव्हती; मशीनवर भरलेला कर तिच्या करातून वळता व्हायला बिलावर तिचंच नाव आणि नंबर हवा होता. आणि त्याच वजावटीच्या भरवशावर तिनं बायांना दिवाळीचे पैसे कबूल केले होते.

मी तावातावानं मशीनच्या दुकानात गेलो आणि दुकानदारावरच चढलो. "ओमप्रकाशजी, हे काय करून ठेवलं तुम्ही?" बिलं बनवणारी रितिका पुढे आली. तिनं फोन माझ्यापुढे धरला. मेसेज माझाच होता. पाठ असलेला जुना नंबर मी बिनचूक लिहिला होता. बायकोचा नंबर मला आजही पाठ नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"आम्ही या महिन्याचं जीएसटी रिटर्न अजून भरलं नाही, म्हणून वाचले तुम्ही," ओमप्रकाशजी म्हणाले. "हे बिल रद्द करून नवं काढतो. पण फर्मच्या मालकाची चिठ्ठी आणि नोंदणीचं सर्टिफिकेट लागन."

"चिठ्ठी मीच देतो ना लिहून."

"तुम्ही मालक आहात का?"

दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. एवढंसं 'नाही' म्हणायला मला घाम फुटला.

घरी कामिनीनं फर्मच्या लेटरहेडवर लिहिलं, 'आमच्याकडून चुकीचं नाव व नंबर दिला गेला. कृपया बिल रद्द करून नवीन द्यावे.' मी दोनदा वाचलं. माझं नाव कुठेच नव्हतं.

"माझी चूक आहे, तसं लिही ना वं."

"धंद्यातली चूक मालकाचीच राहते," ती म्हणाली आणि सही केली.

मला फार लाज वाटली. माझं दुकान होतं तेव्हा प्रत्येक चूक मी पोऱ्यावर ढकलत असे.

दुसऱ्या दिवशी ओमप्रकाशजींनी चिठ्ठी वाचली. "म्हणजे नंबर मॅडमनंच चुकीचा दिला होता?"

नुसती होकाराची मान डोलावली असती तरी भागलं असतं. कागदावर सहीही तिचीच होती.

"नाही, मी दिला होता," मी म्हणालो. "मालक त्या आहेत. मी त्यांच्याकडे कामाले आहो."

रितिकानं जुन्या बिलावर 'रद्द' शिक्का मारला, नवं बिल काढलं आणि तपासून घ्यायला सांगितलं. मी काउंटरला टेकून एकेक अक्षर, एकेक आकडा सर्टिफिकेटशी ताडून पाहिला. मागची गिऱ्हाइकं कुरकुरत होती. मी घाई केली नाही.