आडव्या रेघेखालचं अक्षर

९ सप्टेंबर, मंगळवार. सकाळचं काम : मोबाईलमधले प्रिस्क्रिप्शनचे दहा फोटो निवडून, नाव-पत्त्यावर पांढरी पट्टी लावून त्यांच्या प्रती काढायच्या. कल्याणच्या फार्मसी कॉलेजात मी आठवड्यातून दोन तास शिकवते, बाकी वेळ कोपरला माझं स्वतःचं मेडिकल सांभाळते. हल्ली निम्मे लोक चिठ्ठी आणतच नाहीत, फोटो पाठवतात. तिरका, अंधुक, बोटाची सावली पडलेला. मुलींना तेच वाचता आलं पाहिजे, म्हणून छापील नमुने मी कधीच वापरत नाही.

दुपारी वर्गात पहिल्याच कागदावर हशा पिकला. सांध्यांच्या गोळीपुढे ओडी लिहिलेलं होतं आणि एकीने ते ‘उजवा डोळा’ असं वाचलं.

“गोळी डोळ्यात घालायची का गं?” मी विचारलं.

“मॅडम, लॅटिनमध्ये तसंच आहे ना?”

“थेंब असतील तर उजवा डोळा. गोळी असेल तर दिवसातून एकदा. आधी औषध बघायचं, मग अक्षर.”

पुढचं सुरळीत गेलं. पीसी म्हणजे जेवणानंतर, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. मग सहावा कागद आला. चार औषधं होती आणि खालची कडा फोटोत कापली गेली होती. तिसऱ्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी उठून उभी राहिली.

“मॅडम, पहिल्या ओळीतलं हे ओडी नाही. ओडब्ल्यू आहे. आठवड्यातून एकदा.”

“कशावरून?”

“याच डॉक्टरांचा डी खाली तिसऱ्या ओळीत आहे. त्याचं पोट बंद आहे. या अक्षराचं वरून उघडं आहे, ती आडवी रेघ वर रोगाच्या नावाखाली मारलेली आहे. आणि औषध एमटीएक्स आहे, म्हणजे मेथोट्रेक्सेट. सांधेदुखीला ते रोज देतच नाहीत, विषबाधा होते.”

“बरोबर,” मी म्हटलं. तेवढ्यात तो फोटो मी ओळखला.

आठ दिवसांपूर्वी तो माझ्याच दुकानात आला होता. जवळच राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंच्या मुलाने पाठवला होता. होलसेलरशी फोनवर वाद घालत मी दहा गोळ्यांची पट्टी काढली आणि पाकिटावर स्वतःच्या हाताने १-०-० लिहिलं. रोज सकाळी एक. गोळी आठवड्यातून एकदाच घेतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. वीस वर्षं मी ते शिकवत आले आहे. मी औषध बघितलं नाही, अक्षर बघितलं.

मुलींना पुढचे कागद वाचत बसायला सांगून मी बाहेर आले आणि त्या बाईंच्या मुलाला फोन लावला.

“आई त्या लहान पिवळ्या गोळ्या कशा घेतात?”

“रोज सकाळी एक. तुम्हीच लिहून दिलंय ना. पण मॅडम, आईचं तोंड आलंय हो. कालपासून पाणीसुद्धा गिळवत नाही. मी संध्याकाळी तोंडात लावायचं जेल न्यायला येणारच होतो.”

“जेल नको. ती गोळी बंद करा. आत्ताच्या आत्ता आईला हॉस्पिटलमध्ये न्या, पट्टी आणि पाकीट बरोबर घ्या. मेथोट्रेक्सेट आठ दिवस रोज घेतलंय, हेच शब्द सांगा. गोळी आठवड्याला एक होती. चूक माझी आहे.”

तो म्हणाला, “आईने परवा विचारलं होतं, एवढ्या गोळ्या कशाला. मी म्हटलं, मॅडमनी लिहिलंय.”

वर्गात परत गेले. तास संपायला वीस मिनिटं होती. मी मुलींना सांगितलं, की सहावा कागद माझा आहे, मी तो चुकीचा वाचला आणि एक पेशंट आजारी आहे. ती उठून बोललेली मुलगी रडायला लागली. तिला मी खाली बसवलं. रडण्यासारखं तिने काही केलं नव्हतं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या आहेत, उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं सुरू केली आहेत, आत्ताच काही सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणतात. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

१० सप्टेंबर, बुधवार. सकाळी दुकान न उघडता मी हॉस्पिटलमध्ये गेले. एका कागदावर लिहून नेलं होतं : कुठल्या दिवशी दिलं, किती गोळ्या, चिठ्ठीत काय होतं, पाकिटावर मी काय लिहिलं. खाली सही आणि माझा रजिस्ट्रेशन नंबर. तो कागद वॉर्डच्या डॉक्टरांच्या हातात दिला आणि मुलाच्या शेजारी, बाहेरच्या बाकावर बसले.