खरा मालक कोण

शहापूरच्या तहसील कचेरीसमोर अक्षदा विशे कागदपत्रांचं इंग्रजी-मराठी भाषांतर करून देत असे. २००७च्या उन्हाळ्यात किन्हवलीचा अनंता तिच्याकडे आला. एका व्यापारी शेठने हाँगकाँगमध्ये त्याच्या नावाने मसाल्याच्या व्यापाराची कंपनी काढली होती आणि तिथल्या बँकेत तिचं खातं उघडायचं होतं. ओळखीसाठी पासपोर्ट होता. पत्त्याच्या पुराव्यासाठी रेशनकार्डाचं इंग्रजी भाषांतर हवं होतं.

"फॉर्म शेठनीच भरून पाठवलाय, ताई. सही तेवढी बाकी हाय," असं म्हणत त्याने तो पुढे केला.

कशावर सही करतोय ते त्याला कळावं, म्हणून अक्षदाने फॉर्म मराठीत वाचून दाखवला. 'धंद्याचा खरा मालक कोण, त्यावर ताबा कोणाचा' या प्रश्नापुढे एकट्या अनंताचं नाव होतं.

"मालक तर शेठ. मी नुसता तिथं कामाला राहणार," अनंता म्हणाला.

"मग हे खोटं ठरेल. उद्या काही झालं तर बँक तुम्हालाच विचारील."

परदेशात चाललोय असं अनंताचं गावभर सांगून झालं होतं. तरी तो म्हणाला, "शेठचं नाव लिवा. खोटं नको."

सोबत आलेल्या कोऱ्या फॉर्मवर तिने तसं लिहून दिलं, आणि अनंताने सही करून तो शेठकडे पाठवला. दहा दिवसांनी अनंताचा फोन आला. फॉर्मवर स्वतःचं नाव पाहून शेठने त्याच्या जागी दुसरा माणूस पाहिला होता.

"तुमचं काय चुकलं नाय, ताई," तो म्हणाला.