तळाची फाईल

सोनुनबूबू एजे आमच्या नगरकार्यालयात जमीन-अर्जांची कारकून होती. तिला सगळे एजे म्हणत, म्हणजे ताई. तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. मी शेजारच्या टेबलावर हिशेब बघते. एवढं सरळ माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि तिच्या सरळपणाचा मला कायम राग यायचा.

निवृत्तीच्या आधी प्रत्येकाला कार्यभार सोपवण्याची यादी द्यावी लागते: कुठली फाईल, कुठवर आली, पुढे काय करायचं. आमच्याकडची रीत अशी की यादीत लिहायचं "प्रलंबित काही नाही", सही ठोकायची आणि खरं काय ते नव्या माणसाला चहा पिताना तोंडी सांगायचं. वर कोणी बघत नाही. जुनी नोंदवही, जुने क्रमांक, तसंच पुढे चालतं.

एजे मात्र आठवडाभर लिहीत बसली.

"कशाला स्वतःचा जीव काढतेस? लिही काही नाही म्हणून," मी म्हटलं.

"आणि उद्या तोलोमुशची फाईल हरवली तर?"

तोलोमुश आमचा बॉयलरवाला, कोळसा टाकून इमारत गरम ठेवणारा. इमारतीच्या किल्ल्या आणि सामानही त्याच्याच ताब्यात. बायको-पोरांना घेऊन नदीकाठी मालवाहतुकीच्या जुन्या लोखंडी डब्यात राहतो. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फ. घराच्या प्लॉटसाठी त्याचा अर्ज सगळ्यात जुना. रांग नोंदणीच्या तारखेवर चालते, म्हणून महिन्याअखेर वाटायच्या तीन प्लॉटांपैकी पहिला त्याचा होता. एजेने त्याच्या ओळीत लिहिलं: "टप्पा: मोजणी पूर्ण, समितीपुढे. पुढील कृती: पहिल्या क्रमांकावर वाटप." खाली दोनदा रेघ मारली. अशाच साऱ्या फायली, आणि बहुतेकांपुढे खरं तेच: "मुदत उलटली, साहेबांच्या सहीसाठी."

साहेब, म्हणजे झामीरबेक असानोविच, यादी वाचून आधी लाल झाले, मग हसले. त्यांच्या हसण्याची मला जास्त भीती वाटते.

"एजे, वसंतात प्रांतातून तपासणी आहे. ही यादी त्यांच्या हातात द्यायची?"

"खरं आहे तेच लिहिलंय."

"खोटं कोण म्हणतंय! फार छान काम केलंत." मग त्यांनी नव्या कारकून मुलीला, ऐपेरीला, हाक मारली. "हे सगळे अर्ज यादीप्रमाणे ताब्यात घे. नवी नोंदवही उघड. आजच्या तारखेला प्राप्त, असं नोंदव. जुनी वही बंद करून दप्तरात टाक."

"अहो, रांग जुन्या तारखेची आहे!" एजे उभी राहिली.

"रांग तारखेचीच राहील. सगळ्यांना आजचीच तारीख. अन्याय कुणावर?"

ऐपेरी बिचारी कामाला लागली. फायलींचा गठ्ठा होता तसाच उचलला. वरची पहिली, मग तिच्या खालची. आता गठ्ठ्यात नवी फाईल वर पडते, जुनी तळाला जाते; आणि तारीख सगळ्यांची एकच, म्हणजे रांग नव्या क्रमांकाने. गेल्या शरदात आलेला साहेबांच्या मेहुण्याचा अर्ज एक नंबरवर बसला. तोलोमुश शेवटचा. एजे प्रांताला पत्र लिहिते म्हणाली तेव्हा साहेबांनी तिचीच यादी पुढे केली. "तुमच्याच सहीने दिलीत. एकही फाईल हरवलेली नाही."

तिने यादी लिहिली नसती तर कुणाच्या नजरेत काही आलं नसतं. चीड मला साहेबाची येते, पण त्याहून जास्त येते ती तिच्या त्या सुवाच्य अक्षराची.

आता तिचं कामाचं पुस्तक, साऱ्या नोकरीच्या नोंदींचं, कार्यालयाकडून परत मिळायचं राहिलं होतं. त्याशिवाय पेन्शनचा अर्ज घेत नाहीत. आणि ते मिळायच्या आधी एक कागद साऱ्या इमारतीत फिरवून प्रत्येक विभागाची सही आणावी लागते, की या बाईकडून आमचं काही येणं उरलेलं नाही. मी केली, दप्तरवाल्याने केली. उरला किल्ल्या-सामानवाला. एजेची पावलं खाली बॉयलरकडे, तोलोमुशपाशी, जाईनात, म्हणून मी बरोबर गेले.

तोलोमुशला कळलेलं होतं. त्याने फावडं भिंतीला टेकवलं, हात पुसले आणि कागद वाचला. "काहीही मागणी उरलेली नाही. इथे सही?"

"नको करूस," एजे म्हणाली. "माझ्याकडून तुझं येणं आहे."

"एजे, मी सही केली नाही तर तुझं पेन्शन अडेल. तू काय खाशील?"

"शिव्या दे रे मला. दोन तरी दे."

त्याने कागद गुडघ्यावर ठेवून सही केली, तिच्या हातात दिला आणि आमच्याकडे पाठ करून कोळसा टाकू लागला.