कलमांसाठी कुरियर निवडताना

डहाणू-बोर्डी रस्त्यावर, समुद्रकाठच्या चिखल्याला माझी रोपवाटिका आहे. मुख्यतः चिकूची कलमं, थोडी आंब्याची, जांभळाची. आई गेल्यावर घरात मी एकटीच उरले. भाऊ नागपूरला. माझं लग्न झालं नाही, त्यामुळे पुढे कुणी येईल असंही नव्हतं. पूर्वी बोर्डीला फिरायला येणारे लोक जाताना गाडी थांबवून दोनचार कलमं घेऊन जायचे. नंतर ते कमी झाले आणि मी फोनवरून मागणी घेऊन कलमं कुरियरने पाठवू लागले.

कुरियर डहाणूच्या एका एजन्सीचं होतं. त्यांचा माणूस आशागडचा, तिशी ओलांडलेला, मोटारसायकलच्या मागे दोन मोठ्या पिशव्या बांधून रोज दुपारी यायचा. बोलणं अर्धं गुजराती, अर्धं मराठी. फाटकातूनच हाक द्यायचा, "बेन, माल रेडी छे?" मी पाणी द्यायची, तो पेट्या मोजून पावती लिहायचा, मुलीच्या शाळेचं काहीतरी सांगायचा आणि जायचा. पाऊस असो, संप असो, त्याचा पिकअप कधी चुकला नाही. खरं सांगायचं तर कित्येक दिवस दिवसभरात माझं बोलणं झालं ते तेवढंच. आदिवासी पाड्यावरून दोन बायका कामाला यायच्या, पण त्या आपसात त्यांच्या बोलीत बोलायच्या आणि सकाळीच काम आटोपून निघून जायच्या.

तक्रारी वाढल्या तेव्हा मात्र मला डोळेझाक करता येईना. कलमाचा सगळा जीव त्याच्या सांध्यात असतो. रायणीच्या रोपाच्या खुंटावर चिकूची फांदी जोडलेली असते, तिथे धक्का बसला की झाड गेलं. गिऱ्हाईक फोटो पाठवायचे. पेटी एका बाजूने दबलेली, सांधा मोडलेला, माती सगळी पेटीत सांडलेली. एजन्सीकडे विचारलं तर म्हणाले, "मॅडम, जिवंत मालाची भरपाई आम्ही देत नाही. आणि भिवंडीच्या गोदामात माल पोत्यातून उतरतो, तिथे आमचा हात नाही."

आशागडच्या त्या माणसाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने एक पेटी उचलून पिशवीत अलगद ठेवून दाखवली. "बेन, हूं तो संभाळून ठेवतो," तो म्हणाला. "पुढचं मला कुठे माहिती?"

त्याचं खरंच होतं. त्याच्या हातून एकही पेटी मोडली नव्हती.

मी दुसरं कुरियर शोधायचं ठरवलं. दोन कंपन्या नजरेत होत्या. एक मोबाइलच्या ॲपवर चालणारी, दर सगळ्यांत कमी आणि पिनकोडची यादी सगळ्यांत लांब. दुसरी जरा लहान. तिचं गोदाम तलासरीला, हायवेच्या कडेला. दर जास्त, पण तिथला व्यवस्थापक म्हणाला, "आमची गाडी इथून थेट मोठ्या डेपोला जाते, मधे माल उतरत नाही. फक्त तुमच्याकडे पिकअपला यायला जमणार नाही. तेवढ्या पेट्या असतील तर बघू."

कुणाच्या सांगण्यावर जायचं नव्हतं. मी डहाणूची एजन्सी धरून तिन्ही कंपन्यांकडून सारखीच कलमं, सारख्याच पेट्यांतून, सारख्याच पत्त्यांवर पाठवून बघणार होते. सोमवारी पाठवायची, म्हणजे रविवार गोदामात पडून राहणार नाहीत. आता पत्ते कुणाचे द्यायचे? गिऱ्हाइकांवर प्रयोग करायचा नव्हता. ओळखीचं माणूस हवं, खरं सांगणारं.

फोनमधली नावं मी वर-खाली केली. पुष्कळ होती. पण ज्यांना आपण उगाचच, काही कारण नसताना, एक झाड पाठवू शकतो अशी नावं दोनच निघाली. एक भाऊ. दुसरी माझी बोर्डीच्या वसतिगृहातली मैत्रीण. ती गडचिरोलीकडे, अगदी आतल्या गावात आश्रमशाळेत शिक्षिका होती आणि तिथेच स्थायिक झाली होती. आमचं बोलणं वर्षावर्षाने होत असे. कुठली कंपनी कुठवर पोचते हे बघायला तिच्या पत्त्याइतका चांगला पत्ता नव्हता. झाड येईल तेव्हा ती फोन करील, असंही मनात होतंच.

पेट्या बांधायला बसले तेव्हा वजनाचं गणित पहिल्यांदा नीट कळलं. काटा दोन किलो दाखवत होता, पण ॲपवाल्यांनी साडेतीनचे पैसे लावले. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅम, हे पेटीच्या आकाराचं वजन आहे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारांनी भागायची. जे जास्त येईल ते धरतात."

माझी पेटी साठ बाय सोळा बाय सोळा. भागाकार तीनच्या किंचित वर जात होता, आणि त्यांचा स्लॅब अर्ध्या अर्ध्या किलोचा, म्हणून थेट साडेतीन. मी पुठ्ठा दोन सेंटिमीटर कापला, कलमाची काठी तेवढीच छाटली, आणि पेटी तीन किलोच्या आत आली. तलासरीवाल्यांचा स्लॅब किलोकिलोचा होता. तिथे पहिली पेटी चार किलोत गेली असती, ही तीनमध्ये बसली. माझी मीच खूश झाले. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून कामाला आलेल्या बाईला सांगितलं. ती हसली आणि पाण्याची झारी घेऊन पलीकडे गेली.

ॲपवाल्यांचा पिकअप सोमवारी यायचा होता. मी सकाळपासून फाटकाशी खुर्ची टाकून बसले. संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला, 'पिकअपचा प्रयत्न केला, विक्रेता उपलब्ध नाही.' मी खुर्चीतच होते. मंगळवारी पुन्हा तेच. शेवटी माणूस आला तो बुधवारी, तोवर कलमं पेटीत दोन दिवस झाकून राहिली होती. आशागडचा माणूस मात्र सोमवारीच पेट्या घेऊन गेला. माझ्याच पेट्या त्याच्या कंपनीची परीक्षा घ्यायला चालल्या आहेत हे त्याला ठाऊक होतं. "पास थई जाय तो सारू," म्हणाला, पास झाली तर बरं. तलासरीला मी स्वतः प्रवासी भरून जाणाऱ्या इको गाडीतून गेले, दोन पेट्या मांडीवर घेऊन.

नागपूरच्या पेट्या पोचल्या तसा भावाचा फोन आला. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीनदा.

"अगं, हे काय चाललंय? नवव्या मजल्यावर चिकूची बाग करू का?"

"कुठली पेटी आली ते सांग आधी. सांधा बघ. हललाय का?"

डहाणूच्या एजन्सीची पेटी दबलेली, सांधा तुटलेला. ॲपवाल्यांच्या कलमाची पानं काळी पडलेली. तलासरीहून गेलेलं तेवढं ताठ उभं होतं. तो प्रत्येक वेळी थोडा जास्त बोलला. तिसऱ्यांदा तर आईच्या हातच्या चिकूच्या शिऱ्याची आठवण काढली. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. पेट्या संपल्या होत्या.

गडचिरोलीचं मात्र वेगळं झालं. डहाणूच्या एजन्सीची पेटी तालुक्याच्या शाखेपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. आतली गावं त्यांच्या हद्दीत नव्हती, ग्राहकाने येऊन न्यायची. ॲपवाल्यांची पेटी शनिवारी 'पोचली' असं मोबाइलवर दिसलं. हिरवी खूण आली. मी खूश झाले आणि वाट बघू लागले.

शनिवार गेला, रविवार गेला. तिचा फोन नाही. मी केला तर नंबर बंद. वाटलं, नंबर बदलला असेल आणि कळवायचं राहिलं असेल. मग वाटलं, झाड मिळालं तर शाळेच्या फोनवरून तरी एक फोन करायला काय हरकत होती? मी चक्क रुसले. वसतिगृहात एका ताटात जेवलेली मैत्रीण, आणि पेटी आली एवढं सांगायला तिला वेळ नाही. सोमवारी मी कलमांना पाणी घालताना तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते.

मंगळवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. तलासरीच्या कंपनीचा तिकडचा पार्सलवाला बोलत होता.

"तुमीच पाठवलं का जी हे झाड?"

"हो, मीच. पत्ता सापडत नाही का?"

"पत्ता सापडला जी. शाळेतच उभा हाओ." मग म्हणाला, "त्या बाई तर नाही राहिल्या जी. दिवाळीनंतर वारल्या. मॅडम म्हनतेत, ताप आला होता."

मी फाटकाजवळच्या दगडावर बसले. त्याने फोन ठेवला नाही.

"याच्या आधी अजून एक पेटी आली का तिथे?" मी विचारलं. का विचारलं ते आजही सांगता येत नाही.

तो कुणाशी तरी बोलला. "नाही जी. हीच पयली."

म्हणजे ती हिरवी खूण खोटी होती. तीन दिवस मी एका गेलेल्या माणसावर रुसले होते, आणि तेही एका खोट्या खुणेच्या भरवशावर.

"पेटी वापस पाठवू का?" तो म्हणाला. "तसा नियम हाय. पन झाड वाळून जाईल जी. तुमी ऑफिसला कळवलं तर इथल्या मॅडमच्या सहीनं देता येते."

मी तलासरीला फोन केला, व्यवस्थापकाने तिथल्या तिथे नाव बदललं. तासाभरात मुख्याध्यापिकेचा फोन आला. कलम आश्रमशाळेच्या विहिरीजवळ लावणार होत्या. माझ्या मैत्रिणीने मुलींना समुद्राबद्दल खूप सांगितलं होतं, म्हणाल्या. आमच्या चिखल्याच्या किनाऱ्याबद्दल. मला ते ठाऊक नव्हतं.

ॲपवाल्यांनी माझ्या तक्रारीवर लिहून पाठवलं, 'पार्सल सुरक्षारक्षकाकडे दिले.' त्या शाळेला सुरक्षारक्षक नाही. मी पुढे वाद घातला नाही. डहाणूची पेटी परत आली तेव्हा आत काडी उरली होती.

निर्णय घ्यायला मग काही उरलं नव्हतं. दर जास्त, पिकअप नाही, तरी मी तलासरीची कंपनी धरली. दर सोमवारी आणि मंगळवारी पेट्या घेऊन मी स्वतः जाणार होते. जिथे तीही पोचत नाही तिथली मागणी घ्यायची नाही, असंही ठरवलं.

आशागडच्या माणसाला मी हे फाटकातच सांगितलं. त्याने पावतीपुस्तक खिशात घातलं.

"बरोबर केलंत, बेन. झाड मरतं तर काय उपयोग?"

"पाणी तरी घ्या."

त्याने पाणी घेतलं, तांब्या कठड्यावर ठेवला, मोटारसायकल वळवली. एजन्सीने त्याचा फेरा बदलला असणार. त्यानंतर तो मला रस्त्यातही दिसला नाही.

आता तक्रारी जवळजवळ येत नाहीत. गिऱ्हाईक फोटो पाठवतात, नव्या पालवीचे, पहिल्या फळाचे. धंदा चांगला चालला आहे. मंगळवारी तलासरीहून परतते तेव्हा इको गाडीत मांडी रिकामी असते आणि शेजारचं माणूस कुठे उतरणार ते मी विचारते. कुणी सांगतं, कुणी खिडकीबाहेर बघत राहतं. घरी आल्यावर फाटक आतून लावते. दुपारी आता कुणी यायचं नसतं.