चार कणांचं शून्य

आमच्या भौतिकशास्त्र विभागात तिला सगळे ताई म्हणत. विभागप्रमुख सर वयाने मोठे, तेही ताईच म्हणत. हंगामी संशोधक म्हणून लागली, ती केस पिकायला लागले तरी हंगामीच राहिली. दरवर्षी उन्हाळ्यात मुदत वाढे आणि दरवर्षी ती वाढेपर्यंत हिच्या जिवाला घोर. घरी म्हातारे वडील. ते शिंपी होते, आता डोळ्यांनी अधू. मी तिच्याच खोलीत बसतो, त्यामुळे तिचे उसासे माझ्या कानांना सवयीचे झालेत.

तिचं काम सांगायला अवघड नाही. ओळीत उभे असलेले कण, प्रत्येक वर किंवा खाली. पण क्वांटमच्या राज्यात सगळ्या रचना एकदमच असतात, प्रत्येकीला आपापला आकडा. ओळ मध्ये तोडायची. डाव्या अर्ध्याच्या रचना आडव्या ओळींत, उजव्याच्या उभ्या रकान्यांत, आणि ते आकडे मांडले की तक्ता तयार होतो. तक्ता गणिताने फोडला की सिंग्युलर व्हॅल्यू नावाच्या किमती निघतात. त्यांचे वर्ग म्हणजे संभाव्यता, बेरीज एक. त्यांवरून एन्ट्रॉपी काढायची, म्हणजे दोन अर्ध्यांमधल्या गुंत्याचं माप, बिटमध्ये. एकच किंमत उरली तर दोन्ही अर्धे आपापले स्वतंत्र, एन्ट्रॉपी शून्य. किमती जितक्या जास्त आणि जितक्या सारख्या, तितका गुंता मोठा.

यंदा ताईच्या हाती घबाड लागलं होतं. तिच्या साखळीत, म्हणजे कणांच्या ओळीत, शेजारी-शेजारी कणांच्या घट्ट जोड्या होत्या, तरी साखळी लांबवली की एन्ट्रॉपी वाढतच जाई. अशी साखळी मध्ये तोडली तर फार तर एक जोडी तुटते, म्हणून एन्ट्रॉपी वाढायची थांबायला हवी. सर हुरळून गेले होते. कायमच्या जागेची मुलाखत तोंडावर आलेली, आणि तिचा सगळा डोलारा या एका आलेखावर उभा.

दुपारी चहा गार होत होता तेव्हा ती म्हणाली, एकदा प्रोग्रॅममध्ये फक्त चार कण घालून बघते. मी म्हटलं, इतके दिवस सोडून आता? ती म्हणाली, इतके दिवस वेळ नव्हता, आता भीती वाटते.

चार कण. पहिला-दुसरा जोडीत, तिसरा-चौथा जोडीत. मध्ये तोडलं तर कुठलीच जोडी तुटत नाही. किंमत एकच यायला हवी, एन्ट्रॉपी शून्य. पडद्यावर चार किमती आल्या, चारही अर्ध्या. वर्ग प्रत्येकी पाव. एन्ट्रॉपी दोन बिट.

तिने प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचून काढला. मग तिनेच सांगितलं. साखळी मांडणारा भाग तिच्याच एका जुन्या प्रोग्रॅममधून उचललेला होता. तिथे दुसऱ्या कामासाठी विषम जागांचे कण आधी आणि सम जागांचे नंतर, असे लावलेले होते. त्यामुळे मध्ये तोडल्यावर डावा-उजवा भाग होतच नव्हता. पहिला-तिसरा एकीकडे, दुसरा-चौथा दुसरीकडे. प्रत्येक जोडी तुटत होती, म्हणून साखळी लांबली की गुंता वाढत होता. फोड बरोबर, वर्ग बरोबर, एन्ट्रॉपी बरोबर. चुकली ती फक्त तोडायची जागा.

क्रम सुधारून चालवल्यावर आलेख आडवा झाला. जोडी तुटली तर जेमतेम एक बिट, नाहीतर जवळपास काहीच नाही. यात नवं काही नव्हतं.

सरांनी दार लावून समजावलं. मुलाखत होऊ दे, जागा पदरात पडू दे, मग सावकाश दुरुस्ती करू. मनाने वाईट नाहीत ते. मलाही, खरं सांगायचं तर, तेच पटलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ताई खुर्चीच्या कडेला बसली होती. थकलेल्या आवाजात म्हणाली, "सर, मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण चार कणांचं उत्तर कागदावर कोणीही काढेल. ते शून्य आहे."

मुलाखतीत तिने चूक आधीच सांगितली. समितीतल्या एकाने विचारलं, मग तुमच्या निष्कर्षात उरलं काय? ती म्हणाली, "साधारण एक बिट." लोक हसले. तीही हसली म्हणे. जागा दुसऱ्याला गेली.

त्या संध्याकाळी मी तिला घरी सोडलं. चीड तिच्यावर होती की समितीवर, मला ठरवता येईना. वडील दारातच चाचपडत उभे होते. त्यांनी विचारलं, लागली का?

"नाही बाबा. आणखी एक वर्ष. चुकीच्या जागी कापलं होतं मी."

म्हाताऱ्याने मान हलवली. "गिऱ्हाईकाने अंगात घालायच्या आधी कळलं ना?"

ती हो म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून रडली.