रुख्माबाईची भिंत अन् सात खुंट्या

चाळीस वर्षांत हिरालालभाऊनं कटंगीतल्या निम्म्या लोकांचे फोटोतले मुरूम पुसले असतील, पण मागचं काही बिघडलं अन् कोणी विचारलं, तं त्याचं एकच उत्तर: "मागचं कोण पाह्यते?" माझ्या सासऱ्यांच्या फोटो स्टुडिओत तो निगेटिव्हवर पेन्सिल चालवे. आता स्टुडिओचं फ्लेक्सचं दुकान झालं, मालकीण मी झाली, त्याच्या हातात माउस आला. उत्तर काही बदललं नाही.

डोमाजीकाका अन् रुख्माबाईच्या लग्नाले पन्नास वर्षं झाली, रविवारी कार्यक्रम. नातू लोकेशनं मोबाइलवर काढलेला उभा फोटो आणला: दोघं घरासमोर उभे, मागं शेणमातीनं सारवलेली भिंत. म्या म्हटलं, बाबू, आडवा फोटो काढून आण ना. तो म्हणे, "आजोबा जिंदगीत एकदाच हसले, ते याच फोटोत."

फ्लेक्स पायजे दहा फूट आडवा. म्हणजे दोन्हीकडची भिंत नवी बनवा लागते. हिरालालभाऊनं एआयले दोन्ही बाजू एकाच दमात वाढवाले सांगतलं, अन् चहा संपायच्या आत कागदावर नमुना काढून ठेवला. "हे घे. एका बटणात."

नमुना पाह्याले रुख्माबाई स्वतः आली. चेहऱ्याकडं तिनं पाह्यलंच नाही.

"हे कोणाची भिंत हाय, भाऊ?"

"तुमचीच, वहिनी."

"माझ्या भिंतीले एक खुंटी हाय. इथं सात! अन् सातही खुंट्यांखाली तोच ओघळ. माझ्या घरी सात जागी गळते का?" मंग तिनं बोट फिरवलं. "हा हाताचा फेरा पाहा. तोच इथं, तोच इथं, तोच इथं. म्या भिंत सारवली का ठप्पे मारले? अन् आमच्या दोघांच्या बाजूनं हा उभा धुकट पट्टा कायचा? चूल पेटवली का मागं?"

हिरालालभाऊनं तोंड उघडलं, "वहिनी, मागचं कोण..."

"तुमसरची विहीण पाह्यते! पोरगी त्या घरी दिली तेव्हापासून सांगून राह्यली मी तिले, की माझ्या हातची भिंत पाह्याले या. हा फ्लेक्स लागला, तं मी मांडवात पाय ठेवणार नाही."

ती गेली. भाऊनं तीन वेळा बटण दाबलं. तीन वेळा नवी भिंत, अन् तीनही वेळा एकच फेरा रांगेनं उभा. मले असा राग आला! "अहो, बटण काय दाबता, भिंत पाहून या!" म्या गाडीची किल्ली त्याच्यापुढं टाकली.

शनिवारी सकाळी नऊले, म्हणजे लोकेशच्या फोटोच्याच वेळी, उन्ह त्याच बाजूनं असताना, तो भिंतीसमोर कॅमेरा सरळ धरून उभा झाला. वीस जागचे फोटो काढले. एका कोपऱ्यातलं सारवण निघालं होतं. रुख्माबाईनं घमेलं पुढं सरकवलं. "घाला हात. मंग समजन." डोमाजीकाका खाटेवर बसून पाह्यत होते. भाऊनं हातभर जागा सारवली, घाम पुसला, अन् मोठ्या अभिमानानं तिचाही फोटो काढला.

दुकानात आल्यावर मात्र तो दिवसभर खुर्चीवरून हालला नाही. सहा खुंट्या उडवल्या. एकसारख्या फेऱ्यांवर सकाळच्या फोटोंतले वेगवेगळे तुकडे लावले, अन् तुकड्याची कड सरळ न कापता फेऱ्याच्या वळणानं कापली. धुकट पट्टा पुसून जोड नव्यानं भरताना थोडी खरी भिंतही निवडीत घेतली, म्हणजे मशीनले दोन्हीकडचं दिसते. वाढवलेली भिंत गुळगुळीत, मोबाइलची खरी दाणेदार. म्हणून शेवटी सगळ्यावर एकच बारीक दाणा टाकला. मंग फोटो उलटा करून, बारीक करून, दुरून डोळे किलकिले करून पाह्यला. मी आपली गंमत पाह्यत होती: हा माणूस अन् मागचं पाह्यते!

रविवारी मांडवात विहीण फ्लेक्ससमोर थांबली. "सगळी भिंत तुमच्याच हातची?" रुख्माबाईनं पदर सावरला. माझ्या डोळ्यात पाणीच आलं.

मंग रुख्माबाईनं हिरालालभाऊले बाजूले बोलावलं, अन् उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"बाकी झ्याक हाय, भाऊ. पण एवढी जागा मशीनची हाय ना? माणसाचा हात असा चालत नाही."

म्या पाह्यलं. त्यानंच सारवलेली हातभर जागा होती ती.

हिरालालभाऊनं माझ्याकडं पाह्यलं, खुर्चीवरल्या डोमाजीकाकाकडं पाह्यलं.

"हौ वहिनी," तो म्हणे, "मशीनचीच हाय."

डोमाजीकाका खदखदून हसले, अन् लोकेशनं खिशातून मोबाइल काढेपर्यंत त्यांचं हसणं थांबलंही.