तीन महिने म्हणजे तीनच महिने

माझं बारामतीत औषधाचं दुकान आहे. गुडघेदुखीच्या गोळ्या मागायला कुणी आलं की मी तिरसटासारखा बोलतो, असं बायको म्हणते. खरं आहे ते. पण तो राग गिऱ्हाइकावरचा नाही. कुणावरचा आहे, हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या जोडीच्या गोळ्या आमच्याकडे नव्यानंच आल्या होत्या. कंपनीचा माणूस टाय लावून यायचा. त्यानं एक रंगीत चित्र दिलं. डावीकडे झिजलेला गुडघा, उजवीकडे हाडांमधली गादी पुन्हा भरून आलेला. मी ते काउंटरच्या मागं चिकटवलं. फार्मसी शिकलेला माणूस मी, असल्या चित्राला पुरावा म्हणत नाहीत हे मला कळत होतं. तरी चिकटवलं.

आत्या निरवांगीला राहायची. वडिलांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनंच मला वाढवलं. तिच्या सासरी आधी मेंढरं होती, मग शेती आली. मेंढरांमागं उभा जन्म चाललेली बाई, साठीनंतर तिचे दोन्ही गुडघे धरले. तिचं मागणं मोठं नव्हतं. दर अमावास्येला वस्तीवरनं बिरोबाच्या देवळात आपल्या पायानं जायचं. वाटेत दोनदा बसून का होईना, ती जातही होती.

मी तिला बारामतीत हाडाच्या डॉक्टरकडे आणलं, देवळाच्या वाटेचंही सांगितलं. त्यांनी गुडघ्यांचा एक्स-रे उजेडाला धरून बघितला.

"आजी, झीज आहे, पण पार गेलेलं नाही. मांडी बळकट केली तर गुडघ्याचं ओझं हलकं होतं. रोज बसून पाय सरळ करून धरायचा, सोसेल तेवढं चालायचं, काठी घ्यायची."

मी मध्येच गोळ्यांचं विचारलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"द्यायच्या तर द्या. काहींचं दुखणं थोडं उतरतं, पुष्कळांना काहीच होत नाही. झिजलेलं भरून येतं असं मी तरी कुणाला सांगणार नाही. गुण हळू येतो, म्हणून तीन महिने बघा. आज दोन गोष्टी लिहून ठेवा. देवळापर्यंत जाताना किती वेळा बसतात, आणि खाटेवरून उठताना हाताचा आधार लागतो का. तीन महिन्यांनी तेच बघायचं. फरक नसला तर बंद. तीन महिने म्हणजे तीनच महिने. आणि व्यायाम गोळ्यांवर अवलंबून ठेवायचा नाही."

मी काहीही लिहून ठेवलं नाही. औषधवाला मी, मला काय लिहायचं!

एसटीत आत्यानं विचारलं, "काय म्हनला रं त्यो? लई भराभरा बोलत हुता."

"या गोळ्यांनी गुडघ्यातली गादी भरून येईल म्हणाला."

डॉक्टर असं बोललाच नव्हता. ते चित्र बोललं होतं, माझ्या तोंडून.

"कशाच्या असत्यात ह्या गोळ्या?"

"यातलं एक औषध खेकड्याच्या कवचापासून करतात."

"मंग मी तिरपी चालंन की रं," आत्या म्हणाली, आणि पुढच्या बाकावरची म्हातारी वळून हसायला लागली. मीही हसलो. व्यायामाचं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणतो, पण ते खोटं आहे. गोळ्या देणारा मी होतो. नुसतं पाय उचल म्हणून सांगण्यात माझी काय शान होती?

महिन्यानं मी निरवांगीला गेलो तर आत्या खाटेवर, पायांखाली उशी. तिची सून भाकरी थापता थापता म्हणाली, "भावजी, मामी आता हालतच न्हाईत. आवसंला देवळात बी गेल्या न्हाईत."

"तुला काय कळतंय?" आत्या म्हणाली. "सारवलेल्या भुईवर वाळायच्या आत पाय ठिवत्यात का? आतनं गादी भरतीया. आत्ता तुडवली तर समदं उमटंल."

मला पुन्हा हसू आलं. तिला चाल म्हणायला हवं होतं. पण चाल म्हटलं असतं तर गादीचं काय, असं तिनं विचारलं असतं, आणि मग गादी भरत नसते हे सांगावं लागलं असतं. मी चहा प्यालो आणि परत आलो.

तीन महिने झाले. मी विचारलं, "आत्या, कसं वाटतं?"

"ठणका कमी हाय बग. गुण हाय तुज्या गोळीला."

मी दुकानात चार जणांना सांगितलं, आमच्या आत्यालाच फरक पडलाय. चार जणांनी गोळ्या नेल्या. चालत नव्हती म्हणून दुखत नव्हतं, एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. दिसली होती. मी त्या गोष्टीकडं पाठ फिरवली होती. दर महिन्याला नवी डबी पोचवायचो आणि म्हणायचो, अजून एक महिना. असे चौदा महिने गेले.

मग एक दिवस परसाकडं जाताना तिचे पायच लटपटले आणि ती खाली बसली. हाड मोडलं नाही. पण तिला धरून उठवायला दोघं लागले.

त्याच डॉक्टरांनी तिची मांडी दोन्ही हातांत धरून बघितली. मांडी कुठली, नुसती कातडी लोंबत होती. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

"बसलेल्या माणसाचा गुडघा कमीच दुखतो. त्याला गोळीचा गुण म्हणत नाहीत. तीन महिन्यांनी काय बघितलंत तुम्ही?"



निरवांगीला परतल्यावर मी आत्याला सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला होता, मी काय सांगितलं. ती खाटेची दोरी ओढत होती.

"मी अडानी. मला सारवनच म्हाईत," ती म्हणाली. "तुला तर म्हाईत हुतं."

आजही हे वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. कंपनीच्या त्या टायवाल्यावर मी तेव्हा फार तोंडसुख घेतलं, चित्र फाडून त्याच्यासमोर टाकलं. पण तो निरवांगीला कधी गेला नव्हता. सारवणाची गोष्ट त्यानं ऐकली नव्हती. मी ऐकली होती.

गोळ्या बंद केल्या. बंद केल्यावर दुखणं काडीभरही वाढलं नाही, म्हणजे चौदा महिने ती काय गिळत होती ते कळलं. मी दर रविवारी जाऊ लागलो. घोट्याला वाळूची लहान पिशवी बांधायची, खाटेच्या कडेला बसून पाय सरळ करायचा, पाच अंक मोजेपर्यंत धरायचा. आत्या माझ्याकडे न बघता करायची. आधी सुनेच्या आधारानं अंगणापर्यंत, मग काठीनं लिंबाच्या झाडापर्यंत. पूर्वी दोनदा बसून देवळात जाणारी बाई. सहा महिन्यांनी एका अमावास्येला ती निघाली. सात वेळा बसली. या वेळी मी मोजलं आणि लिहून ठेवलं.

देवळाला नऊ पायऱ्या. पहिलीवर तिनं पाय ठेवला, काठी रोवली, आणि पाय परत खाली घेतला. मी हात पुढं केला तर तिनं तो काठीनंच बाजूला सारला.

"तुजं गुडघं चांगलं हायत," ती पायरीवर टेकत म्हणाली. "जा तू वर. माज्या नावानं नारळ फोड."

मी नारळ घेऊन वर गेलो. एकदाही न थांबता.